साक्याच्या पेटीची तक्रार: बचावाचं उत्तर बदलून आपुलकीचं आणि ठाम उत्तर कसं लिहावं

एप्रिल-मे म्हणजे कोकणातल्या बागायतदाराच्या फोनला उसंत नसते. सकाळी तोड, दुपारी पॅकिंग, संध्याकाळी गाडी, आणि या सगळ्यात मधेच कुठल्यातरी पेटीची तक्रार येऊन थडकते. उत्तर तिथेच, उभ्या उभ्या, हाताला चीक लागलेला असताना दिलं जातं. ते बहुतेक वेळा बचावाचं असतं, आणि त्यात लिहिणाऱ्याचा दोषही फारसा नसतो, कारण वर्षभराच्या मेहनतीवर कोणी बोट ठेवलं की माणूस आधी स्वतःला सावरतो. पण पाठवण्याआधी तो मसुदा थांबवून नीट करता येतो. कसा, ते इथे एका तक्रारीवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून दाखवतो. ही तक्रार उदाहरणासाठी रचलेली आहे, पण आंबा घरपोच पाठवणाऱ्या कोणालाही ती ओळखीची वाटेल.

सोमवारी सकाळी पुण्याहून आलेला मेसेज असा:

> "तुमच्याकडून मागवलेली पाच डझनाची पेटी बुधवारी आली. आम्ही गावाला गेलो होतो, रविवारी आल्यावर उघडली. अर्धी पेटी खराब! कितीतरी आंबे आतून पांढरे आणि आंबट. खालचे तर कुजलेत. सासूबाईंसाठी मुद्दाम मागवले होते, त्यांना पहिलाच आंबा असा निघाला. ४५०० रुपये घेऊन कर्नाटकचा आंबा हापूस म्हणून गळ्यात मारता का? मला पूर्ण पैसे परत हवेत आणि दुसरी पेटी फुकट पाठवा. नाहीतर गूगलवर सगळं लिहीन."

सोबत दोन फोटो. एकात कापलेले ७ आंबे, गर पांढरट आणि स्पंजासारखा, म्हणजेच साका. दुसऱ्यात देठाकडून काळे पडलेले, ओलसर ४ आंबे.

आणि हा बागायतदाराचा पहिला मसुदा:

> "मॅडम, आम्ही तीन पिढ्या आंब्याचा व्यवसाय करतो. आजपर्यंत एकाही गिऱ्हाइकाची तक्रार नाही. साका हा नैसर्गिक दोष आहे, तो बाहेरून दिसत नाही, त्याला आम्ही काय करणार? आणि पेटी आल्या आल्या उघडायची असं आधीच कळवलेलं होतं, तुम्ही चार दिवस बंद ठेवलीत तर आंबे कुजणारच. आमचा माल शंभर टक्के रत्नागिरीचा आहे, कर्नाटकचा म्हणणं चुकीचं आहे. तरीही तुम्हाला त्रास झाला असेल तर दिलगीर आहोत. फुकट पेटी देणं परवडत नाही. काही आंबे बदलून देता येतील का ते बघतो."

या मसुद्यातलं जवळपास प्रत्येक विधान खरं आहे. साका खरोखरच बाहेरून दिसत नाही. बंद पेटीत आंबा खरोखरच कुजतो. तरीही हे उत्तर गेलं तर भांडण वाढणार, हे वाचताक्षणी कळतं. पण त्याची दुसरी बाजू चटकन लक्षात येत नाही: हे उत्तर कडक आहे, पण ठाम अजिबात नाही. शेवटचं वाक्य बघा, "बघतो". किती आंबे, कधी, कोणते, काहीच ठरलेलं नाही. बचावाच्या उत्तरात हे दोन्ही दोष नेहमी जोडीने येतात, सूर चढा आणि निर्णय ढिला. म्हणून नुसता सूर खाली आणून भागत नाही. आधी निर्णय पक्का करावा लागतो, मग सूर आपोआप उतरतो.

आधी तक्रारीची फोड करा

मसुदा बाजूला ठेवा आणि मूळ तक्रार पुन्हा वाचा. चिडलेल्या मेसेजमध्ये चार वेगवेगळ्या गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात, त्या सुट्या करून कागदावर लिहा.

एक, प्रत्यक्षात काय झालं. पेटी बुधवारी पोचली, रविवारी उघडली, काही आंब्यांत साका, काही कुजलेले. दोन, त्याची झळ कोणाला आणि कशी बसली. सासूबाईंसाठी आणलेला पहिलाच आंबा वाईट निघाला. तीन, आरोप. कर्नाटकचा आंबा हापूस म्हणून विकला. चार, मागणी. पूर्ण पैसे आणि वर एक पेटी.

आपल्याला झोंबतो तो आरोप, म्हणून आपण उत्तर आरोपाला देतो. वरच्या मसुद्यात तीन पिढ्या, शंभर टक्के रत्नागिरी, एकही तक्रार नाही, ही सगळी त्या एका वाक्याची उत्तरं आहेत. झळ मात्र कुठेच नाही. सासूबाईंचा उल्लेखसुद्धा नाही, आणि ग्राहकाने तर तेच सगळ्यात मनापासून लिहिलं होतं. ही फोड केली की आपला मसुदा कुठे घसरला ते आपल्यालाच दिसतं.

"अर्धी पेटी" हा शब्दप्रयोगही इथेच तपासा. पाच डझनाच्या पेटीत ६० आंबे असतात, फोटोत ११ दिसतात. यावर "अर्धी कुठे, ११ तर आहेत" असं म्हणण्याचा मोह होतो. तसं म्हटलं की आपण ग्राहकाला खोटं पाडतो. आणि एक महत्त्वाची गोष्ट विसरतो: साका कापल्यावरच कळतो, आणि उरलेले सगळे आंबे अजून कापलेलेच नाहीत. त्यातही निघू शकतो. म्हणजे ११ हा आकडा आजचा आहे, शेवटचा नाही. उत्तरात याची सोय ठेवावी लागेल.

निर्णय आकड्यांत लिहून काढा

ही पायरी वगळली तर पुढचं सगळं फुकट जातं. एकही वाक्य लिहिण्याआधी काय देणार, काय देणार नाही आणि का, हे स्वतःसाठी लिहा.

४५०० रुपयांना ६० आंबे, म्हणजे नगाला ७५ रुपये. साक्याच्या ७ आंब्यांचे ५२५ रुपये होतात. साका हा रोग नाही, फळाच्या आतल्या वाढीतला दोष आहे. तो एका आंब्याचा दुसऱ्याला लागत नाही आणि ग्राहकाने आंबा कसा ठेवला यावर तो अवलंबून नसतो. म्हणजे हे ५२५ रुपये आपल्याकडेच लागतात. "नैसर्गिक आहे" हे त्याचं कारण झालं. पैसे न देण्याची सबब ते होऊ शकत नाही, कारण ग्राहकाने पैसे खाण्याजोग्या आंब्याचे दिले होते.

कुजलेल्या ४ आंब्यांचं प्रकरण वेगळं आहे आणि इथे स्वतःशी प्रामाणिक राहावं लागतं. देठाकडून होणाऱ्या कुजीची बुरशी पुष्कळदा बागेतूनच फळासोबत आलेली असते, हे प्रत्येक बागायतदाराला माहीत आहे. फळ पिकायला लागलं की ती वर येते. पण अर्धवट पिकलेला आंबा बंद खोक्यात चार दिवस राहिला की आत ऊब वाढते, हवा खेळत नाही, आणि एरवी दोन दिवस उशिरा दिसलं असतं ते झपाट्याने पसरतं. म्हणजे "सगळी चूक तुमची" म्हणणं खोटं आहे आणि "सगळी चूक आमची" म्हणणंही. अशा ठिकाणी निवाडा भावनेने करू नये, आधी सांगितलेल्या नियमाने करावा. या उदाहरणातल्या बागायतदाराचा नियम असा आहे: पेटी पोचल्यापासून २४ तासांत फोटो पाठवला तर कुजलेल्या फळांचे पैसे परत, त्यानंतर नाही, आणि हा नियम ऑर्डर पक्की करताना मेसेजमध्ये जातो. त्यामुळे या ४ आंब्यांचे ३०० रुपये देणं त्याच्यावर बंधनकारक नाही.

मग ३०० रुपये देऊन विषय मिटवावा का? काही जण देतात. माझं मत असं, की ज्या ग्राहकाने गूगलची धमकी दिली त्याला मिळतात आणि ज्याने गुपचूप चार आंबे टाकून दिले त्याला मिळत नाहीत, अशी पद्धत बरी नाही. द्यायचे असतील तर नियम बदलून सगळ्यांना द्या. एरवी नाही म्हणा, पण कारण सांगून.

नियम आधी सांगितलेलाच नसेल, तर ठाम राहायला पायाखाली जमीनच नसते. अशा वेळी पैसे द्या आणि पुढच्या ऑर्डरपासून नियम कळवायला लागा. पेटीच्या आत ठेवलेला कागद यासाठी पुरेसा नाही, कारण पेटी उघडेपर्यंत तो कोणी वाचूच शकत नाही. पहिल्या मसुद्यातलं "आधीच कळवलेलं होतं" हे वाक्य पाठवण्याआधी तो मेसेज खरंच या ग्राहकाला गेला होता का, हे फोन उघडून बघा.

इथे कायद्याचीही जाणीव हवी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे सदोष माल परत घ्यायला आणि पैसे परत करायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरू शकते. बिलावर त्यासाठी मुदत दिली असेल तर ती मुदत, आणि दिली नसेल तर ३० दिवस धरले जातात. म्हणून "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" हे वाक्य उत्तरात टाकून ठाम झाल्यासारखं वाटतं, पण सदोष मालाच्या बाबतीत ते टिकत नाही. जे खरोखर देणं लागतं ते देऊन मोकळं झालं, तरच बाकीच्याला नाही म्हणण्यात वजन राहतं.

तर निर्णय असा: ५२५ रुपये परत, उद्या संध्याकाळपर्यंत. उरलेल्या आंब्यांत साका निघाला तर १० मेपर्यंत त्याच दराने. कुजलेल्यांचे पैसे नाहीत. पूर्ण परतावा नाही, फुकट पेटी नाही.

आता मसुद्यातल्या वाक्यांना एकेक करून विचारा

प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारायचा: हे वाचून ग्राहकाला काही मिळतं, की फक्त मला बरं वाटतं?

"आम्ही तीन पिढ्या आंब्याचा व्यवसाय करतो." मला बरं वाटतं. खोडा. ज्याच्या हातात खराब आंबा आहे, त्याला पिढ्या सांगितल्या की तो मनात म्हणतो, मग तीन पिढ्यांत एवढंही जमलं नाही का.

"आजपर्यंत एकाही गिऱ्हाइकाची तक्रार नाही." हे खोडाच, कारण यातून निघणारा अर्थ असा, की खोट तुमच्यातच आहे. शिवाय साका निघत नाही असा हापूसचा बागायतदार मला माहीत नाही, त्यामुळे हे वाक्य खरंही नसतं.

"त्याला आम्ही काय करणार?" खोडा. प्रश्नचिन्हाने संपणारं वाक्य तक्रारीच्या उत्तरात फक्त माहिती विचारण्यासाठी असावं.

"साका बाहेरून दिसत नाही." यातून ग्राहकाला काहीतरी मिळतं. आपण मुद्दाम खराब माल भरला नाही, हे कळतं. ठेवा, पण जागा बदला. जबाबदारी घेण्याच्या आधी आलं तर ती सबब होते, त्याच वाक्यात जबाबदारीसोबत आलं तर ते स्पष्टीकरण होतं.

"तुम्ही चार दिवस बंद ठेवलीत तर आंबे कुजणारच." माहिती गरजेची आहे, मांडणी घातक. इथे दोन गोष्टी बदलायच्या. वाक्याचा कर्ता "तुम्ही" आहे तो "पेटी" करा, म्हणजे "पेटी बुधवारी पोचली आणि रविवारी उघडली गेली". आणि "कुजणारच" मधला "च" काढा. त्या एका अक्षरात "एवढंही कळत नाही का" असा सूर भरलेला असतो. ग्राहकाने तारखा स्वतःच सांगितल्या आहेत. त्या तशाच्या तशा परत मांडल्या तर वाद उरत नाही.

"तुम्हाला त्रास झाला असेल तर दिलगीर आहोत." खोडा. त्रास झालेला आहे, फोटोसकट समोर आहे. "असेल तर" म्हणजे त्याच्यावरही शंका. आणि "दिलगीर आहोत" हे सूचनाफलकावरचं मराठी झालं. माणूस माणसाला "माफ करा" म्हणतो.

"परवडत नाही." हेही काढा. आपल्याला परवडतं की नाही हा ग्राहकाचा प्रश्न नाही, आणि असं म्हटलं की तो भाव वाढवून मागतो. नकाराचं कारण आपल्या खिशातून येऊ नये, नियमातून यावं.

"काही आंबे बदलून देता येतील का ते बघतो." याच्या जागी आकडा आणि तारीख.

पहिली दोन वाक्यं

आता नवीन उत्तर लिहायला घ्या. आपुलकी दाखवायची म्हणून "आपल्या भावना आम्ही समजू शकतो" असलं वाक्य लिहू नका. ते कोणत्याही तक्रारीला चिकटवता येतं, आणि म्हणूनच ते चिकटवलेलं आहे हे वाचणाऱ्याला कळतं. त्याऐवजी तक्रारीतला एक तपशील उचला, जो फक्त याच ग्राहकाचा आहे. इथे तो समोरच आहे: सासूबाईंना मिळालेला पहिला आंबा. तो एका वाक्यात आला की पुढचं सगळं वाचलं जातं.

एकच वाक्य पुरे. सासूबाईंवर तीन वाक्यं लिहिली तर ते नाटक वाटेल. दुसऱ्या वाक्यात फोटो पाहिल्याचं सांगा, कारण तक्रार करणाऱ्याला सगळ्यात मोठी शंका हीच असते, की समोरच्याने काही बघितलंच नाही.

संबोधनाकडेही लक्ष द्या. ऑर्डर घेताना "ताई" म्हणत होतो आणि तक्रार आल्यावर एकदम "मॅडम" झालं, तर अंतर पडल्याचं लगेच जाणवतं. आधी जे म्हणत होतो तेच म्हणा. "सदर पेटीबाबत", "उपरोक्त तक्रारीच्या अनुषंगाने" हे तर नकोच.

नकार कुठे आणि कसा

क्रम महत्त्वाचा आहे. आधी जे देणार ते, मग जे देणार नाही ते. उलट केलं तर नकार वाचून माणूस थांबतो आणि ५२५ रुपयांपर्यंत पोचतच नाही.

नकाराच्या आधी "पण" घालू नका. "वाईट वाटलं, पण..." म्हटलं की वाईट वाटल्याचं पुसलं जातं. पूर्णविराम द्या, नवा परिच्छेद सुरू करा आणि सरळ सांगा. कारण एकच द्या, सगळ्यात भक्कम असलेलं. तीन कारणं दिली तर ग्राहक त्यातलं सगळ्यात कच्चं पकडतो आणि वाद तिथे सुरू होतो. क्रियापद स्पष्ट ठेवा: "देता येणार नाहीत". "कठीण आहे", "जरा अवघड वाटतं" या शब्दांत भिडस्तपणा आहे. मराठी माणूस भिडेपोटी असं बोलतो आणि समोरचा त्यातून "थोडा जोर लावला तर होईल" असा अर्थ काढतो. त्याची फुकटची आशा वाढवणं ही आपुलकी नव्हे.

कर्नाटकच्या आरोपाला एक वाक्य द्या, रागाशिवाय, माहिती म्हणून. कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी आहे. आपली त्याखाली नोंदणी झालेली असेल तर तसं लिहा, नसेल तर बाग कुठल्या तालुक्यात आहे एवढं पुरे. "साका निघतो म्हणजेच तो खरा हापूस" असं लिहायची फार ऊर्मी येते, कारण हापूस या दोषासाठी बदनाम आहेच. लिहू नका. ज्याचे सात आंबे वाया गेले त्याला ती थट्टा वाटते.

गूगलच्या धमकीला उत्तरच नाही. "असं करू नका" ही विनवणी होते, "खुशाल लिहा" हे आव्हान होतं. दोन्ही नकोत.

तयार उत्तर

> "नमस्कार ताई,
>
> सासूबाईंसाठी मुद्दाम मागवलेल्या पेटीतला पहिलाच आंबा असा निघाला, हे वाचून फार वाईट वाटलं. दोन्ही फोटो नीट पाहिले.
>
> पहिल्या फोटोतल्या ७ आंब्यांत साका आहे. तो फळ कापल्याशिवाय आम्हालाही कळत नाही, तरी तुम्ही पैसे चांगल्या आंब्याचे दिले आहेत, त्यामुळे ही जबाबदारी आमची. माफ करा. नगाला ७५ रुपयांप्रमाणे या ७ आंब्यांचे ५२५ रुपये उद्या, मंगळवारी संध्याकाळपर्यंत परत करतो. उरलेले आंबे कापताना आणखी कुठे साका निघाला तर १० मेपर्यंत फोटो पाठवा, त्याच दराने पैसे देईन.
>
> दुसऱ्या फोटोतले ४ आंबे कुजलेले आहेत. पेटी बुधवारी पोचली आणि रविवारी उघडली गेली. बंद पेटीत हवा खेळत नाही आणि पिकत आलेलं फळ लवकर कुजतं. म्हणून कुजलेल्या फळांचे पैसे आम्ही पेटी पोचल्यापासून २४ तासांत कळवल्यास देतो. ऑर्डर पक्की करताना पाठवलेल्या मेसेजमध्ये हे दिलं आहे. या ४ आंब्यांचे पैसे देता येणार नाहीत. पूर्ण पेटीचे पैसे किंवा दुसरी पेटीही देता येणार नाही.
>
> पेटीतला सगळा आंबा आमच्या रत्नागिरी तालुक्यातल्या बागेतला आहे.
>
> उरलेले आंबे आजच पेटीतून काढून गवतावर किंवा कागदावर एकेक करून पसरून ठेवा. देठाजवळ काळा ठिपका दिसला तर तो आंबा बाजूला काढा, म्हणजे बाकीचे टिकतील.
>
> पैसे याच नंबरच्या यूपीआयवर पाठवू ना? तेवढं कळवा."

पहिल्या मसुद्यापेक्षा हे लांब आहे, याचा बाऊ करू नका. लांबी माहितीमुळे आली आहे. शेवटून दुसरा परिच्छेद मला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण त्यात ग्राहकाच्या घरात अजून असलेल्या आंब्यांची काळजी आहे, आणि ती करणं बागायतदारालाच जमतं. शेवटचा प्रश्न मुद्दाम छोटा ठेवलाय. त्याला "हो" एवढंच उत्तर द्यायचं आहे, आणि भांडणानंतरचं पहिलं "हो" फार कामाचं असतं.

पाठवण्याआधी तपासणी

मोठ्याने वाचा, शक्यतो घरातल्या अशा माणसासमोर ज्याने तक्रार वाचलेली नाही. वाचून झाल्यावर त्याला विचारा: किती पैसे मिळणार, कधी, आणि काय मिळणार नाही? या तिन्ही गोष्टी त्याला सांगता आल्या तर उत्तर ठाम आहे. मग विचारा, चूक कोणाची वाटते? तो लगेच "त्या बाईंची" म्हणाला तर बचाव अजून शिल्लक आहे. "सगळी तुमचीच" म्हणाला तर आपण गरजेपेक्षा जास्त वाकलो. "काही तुमची, काही पेटी बंद राहिल्यामुळे" असं म्हणाला तर पाठवा.

घाईत कोणी नसेल तर प्रत्येक वाक्यानंतर ग्राहकाच्या आवाजात "मग?" म्हणून बघा. "साका बाहेरून दिसत नाही." मग? "त्यामुळे ही जबाबदारी आमची." मग? "५२५ रुपये उद्या संध्याकाळपर्यंत." इथे "मग?" थांबतं. ज्या वाक्यानंतर ते थांबत नाही आणि पुढे उत्तरही नाही, ते वाक्य अर्धवट आहे.

दुसरी फेरी

खरी परीक्षा इथे होते. समजा तासाभराने आलं: "५२५ मध्ये काय होतं? ठेवा तुमच्याकडेच. लिहितेच गूगलवर."

पहिलं उत्तर चांगलं लिहूनही पुष्कळ जण इथे घसरतात, एकतर भडकतात किंवा आणखी ५०० रुपये देऊ करतात. दुसरी चूक जास्त महाग पडते. त्यातून ग्राहकाला कळतं, की पहिला आकडा खरा नव्हता. दुसऱ्या उत्तरात नवं कारण द्यायचं नाही, नवा आकडाही नाही. निर्णय तोच, आणि उत्तर पहिल्यापेक्षा लहान:

> "ताई, ५२५ रुपयांनी सासूबाईंचा तो आंबा गोड होणार नाही, हे खरं आहे. तरी साक्याच्या आंब्यांचे पैसे तुमचे आहेत, ते उद्या ठरल्याप्रमाणे पाठवतो. पूर्ण पेटीबद्दलचा निर्णय तोच आहे. उरलेल्या आंब्यांत साका निघाला तर १० मेपर्यंत जरूर कळवा."

आणि पैसे खरोखर पाठवायचे. "ठेवा तुमच्याकडेच" हे रागाचं बोलणं आहे, त्याला सोडचिठ्ठी समजू नये. संध्याकाळी पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट टाका, सोबत "५२५ रुपये पाठवले आहेत" एवढंच. ठरलेली वेळ चुकली तर वरची सगळी वाक्यं वाया जातात. त्यानंतर ग्राहक पुन्हा तेच म्हणाला तर उत्तर द्यायची गरज नाही. नवा फोटो किंवा नवी माहिती आली तर मात्र लगेच द्या.

तिने खरंच गूगलवर लिहिलं, तर तिथलं उत्तर वेगळं असतं. ते ग्राहकासाठी थोडं आणि पुढे वाचणाऱ्या अनोळखी लोकांसाठी जास्त. त्यात तिचा नंबर, पत्ता, ती गावाला गेली होती ही माहिती, व्हॉट्सअ‍ॅपचे स्क्रीनशॉट, यातलं काहीही टाकू नका. तीन वाक्यं पुरतात: "पेटीत साक्याचे आंबे निघाले याबद्दल माफ करा. त्या आंब्यांचे पैसे आम्ही ५ मे रोजी परत केले आहेत. उरलेल्या आंब्यांबद्दल १० मेपर्यंत आमच्याशी थेट बोलता येईल." कुजलेल्या फळांचा वाद तिथे काढू नका. वाचणाऱ्याला तारीख दिसते आणि पैसे परत केल्याचं दिसतं, त्याला तेवढंच हवं असतं.

हे उत्तर कुठे चालत नाही

वरची सगळी रीत पैशाच्या आणि मालाच्या तक्रारीसाठी आहे. "आंबा खाऊन मुलाला उलट्या झाल्या" अशी तक्रार आली तर नगाचा हिशेब, २४ तासांचा नियम, सगळं बाजूला ठेवा. मेसेज करू नका, फोन करा. मुलाची तब्येत विचारा, डॉक्टरांकडे नेलं का ते विचारा, उरलेली फळं खाऊ नका आणि टाकूही नका असं सांगा. त्याच तोडीची फळं आणखी कोणाकडे गेली आहेत ते वहीत शोधा आणि त्यांनाही फोन करा. कारण कळण्याआधी "आमच्या आंब्यामुळे होणं शक्यच नाही" असं म्हणू नका आणि "आमच्यामुळेच झालं" असंही लेखी देऊ नका. पुढचं लेखी उत्तर वकिलांना दाखवूनच पाठवा.

उशिरा पोचलेल्या पेटीचं उत्तरही थोडं वेगळं. तिथे कुरिअरकडे बोट दाखवण्याचा मोह होतो, पण कुरिअर ग्राहकाने निवडलेलं नसतं. ग्राहकाशी हिशेब आपण मिटवायचा आणि कुरिअरशी आपला हिशेब वेगळा करायचा. उत्तरात कुरिअरचं नावसुद्धा घ्यायची गरज नाही.